चुंबकही नाही, पिंजराही नाही, मग रोटर फिरतो कशामुळे?

एप्रिल 2025मध्ये चीनने मोटरींच्या ताकदवान चुंबकांत लागणाऱ्या काही दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि 'बिनचुंबकाच्या मोटरी'चे व्हिडिओ सगळीकडे फिरू लागले. त्यात भर म्हणून 'चुंबकावर फुकट चालणारी मोटर' दाखवणारे जुने भोंदूही परत आले. फुकट काहीच चालत नाही, वीज लागतेच. पण बिनचुंबकाची मोटर मात्र खरी आहे. तिचं नाव सिंक्रोनस रिलक्टन्स मोटर. कल्पना शंभर वर्षं जुनी आहे.

दोऱ्याला आडवा टांगलेला लोखंडी खिळा चुंबकाजवळ नेला की तो वळून आपली लांबी चुंबकाकडे करतो. खिळा स्वतः चुंबक नसतो. लांबीच्या दिशेने चुंबकीय फ्लक्सला, म्हणजे चुंबकाच्या बलरेषांना, लोखंडातून सोपी वाट मिळते, आडवं जाताना बरीच हवा ओलांडावी लागते. या अडथळ्यालाच रिलक्टन्स म्हणतात, आणि तो कमीत कमी होईल अशा स्थितीकडे लोखंड खेचलं जातं.

मोटरचा फिरणारा भाग म्हणजे रोटर. गुळगुळीत गोल रोटरला मात्र सगळ्या दिशा सारख्याच, त्यामुळे तो वळणार कशाला? म्हणून त्याच्या पत्र्यांमध्ये कमानीसारख्या फटी कापतात. चार ध्रुवांच्या रोटरचा पत्रा पाहिला तर कडेला चार अर्धे कांदे चिकटवल्यासारखे दिसतात, पाकळ्यांचा फुगवटा मधल्या शाफ्टकडे. पाकळ्या लोखंडाच्या, मधल्या फटी हवेच्या. पाकळीतून जाणारा फ्लक्स कडेच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सहज पोचतो. पाकळ्यांना आडवं जायचं तर प्रत्येक फट ओलांडावी लागते. स्टेटरचं, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागातल्या वेटोळ्यांचं, फिरतं चुंबकीय क्षेत्र थोडं पुढे आणि सोपी वाट थोडी मागे, एवढ्या अंतरावरच रोटर ओढला जातो. लोखंड संपृक्त नसेल, म्हणजे त्यात आणखी फ्लक्सला जागा उरली असेल, तर क्षेत्राचा कोन 45 विद्युत अंश असताना ओढ सर्वांत जास्त. चार ध्रुवांत म्हणजे प्रत्यक्ष 22.5 अंश.

फटींच्या टोकांना पाकळ्या धरून ठेवणारे लोखंडाचे बारीक पूल असतात. तिथूनही फ्लक्स गळतो, पण पूल लवकर संपृक्त होतो आणि मग जवळजवळ हवेसारखाच वागतो. पूल जाड ठेवला तर गळती वाढते, फार बारीक केला तर वेगात रोटर फाटू शकतो. डिझायनरची खरी कसोटी इथेच.

नेहमीच्या इंडक्शन मोटरीच्या रोटरमध्ये तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या सळ्यांचा पिंजरा असतो. या पिंजऱ्याच्या मोटरीत रोटर क्षेत्राच्या मागे पडल्याशिवाय पिंजऱ्यात प्रवाहच येत नाही. चार ध्रुवांच्या मोटरीत 50 हर्ट्झवर क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेतं आणि रोटर 1450. पाच एचपीच्या मोटरीत या फरकापायी सव्वाशे वॉटच्या आसपास उष्णता पिंजऱ्यातच होते. रिलक्टन्स रोटर क्षेत्राबरोबर पूर्ण 1500 फिरतो, त्यात तांबं-ॲल्युमिनियमच नाही, म्हणून तो थंड राहतो.

पण थेट तीन फेजवर जोडाल तर ही मोटर सुरूच होत नाही. क्षेत्र इतकं भराभर सरकतं की ओढ क्षणात पुढे, क्षणात मागे होते आणि मोटर नुसती गुणगुणते. वारंवारिता शून्यापासून हळूहळू वाढवणारा आणि रोटरचा कोन सांभाळणारा ड्राइव्ह हवाच. शिवाय रोटर स्वतः चुंबक नसल्याने सगळं क्षेत्र स्टेटरच्या प्रवाहानेच उभं करावं लागतं, त्यामुळे मोटरचा पॉवर फॅक्टर कमी राहतो, म्हणजे तेवढ्याच कामाला जास्त प्रवाह लागतो, आणि ड्राइव्ह एक माप मोठा घ्यावा लागू शकतो. व्हिडिओवाले हा खर्च सांगत नाहीत.