सर्व्हरच्या आलेखातली रेघ: सरासरी, सुळके आणि अक्ष

1994 साली इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठात बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच 64 किलोबिटची लाइन होती. ती किती भरलीय याची सगळ्यांनाच उत्सुकता. तिथे काम करणाऱ्या टोबी ओटिकर यांनी राउटरकडून ठरावीक वेळाने आकडा घेऊन वेबपानावर आलेख काढणारी एक छोटी पर्ल स्क्रिप्ट लिहिली. 1995 मध्ये ती एमआरटीजी या नावाने बाहेर पडली आणि पुढे जगभरच्या सर्व्हर रूममध्ये हिरव्या-निळ्या आलेखांची पानं दिसू लागली. आज ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या साधनात जी रेघ आपण बघतो, तिच्या बऱ्याच खोडी या पानांवर आधीच होत्या.

पहिली खोड सरासरीची. राउटर आत्ताचा वेग सांगत नाही, आतापर्यंत किती बाइट गेले तेवढं सांगतो. रिक्षाच्या मीटरसारखाच हा प्रकार, आकडा फक्त चढत जातो. एमआरटीजी दर 5 मिनिटांनी मीटर वाचतो, मागचं वाचन वजा करतो आणि 300 सेकंदांनी भागतो. म्हणजे आलेखातला प्रत्येक बिंदू हा 300 सेकंदांची सरासरी असतो. त्या पाच मिनिटांत वाहतूक एकसारखी होती की दहा सेकंद लाइन तुंबून बाकी वेळ मोकळी होती, हे त्या बिंदूवरून कळायला मार्ग नाही.

डिस्क तेव्हा महाग, म्हणून जुना डेटा आणखी दाबून ठेवला जाई. दिवसाच्या आलेखात 5 मिनिटांची सरासरी, आठवड्याच्या आलेखात 30 मिनिटांची, महिन्याच्या आलेखात 2 तासांची आणि वर्षाच्या आलेखात अख्ख्या दिवसाची. त्यामुळे फाइल कधीच वाढत नसे. सुळक्याचं, म्हणजे क्षणभर उंच उठलेल्या आकड्याचं, यात काय होतं ते हिशोब करूनच बघावं. समजा सीपीयू एरवी 20 टक्क्यांवर असतो आणि रात्री 2:10 ला बरोबर एक मिनिट 100 टक्क्यांवर गेला. ते मिनिट सरासरीच्या एकाच खान्यात पडलं तर दिवसाच्या आलेखात (100 + 4 × 20) ÷ 5, म्हणजे 36 टक्के दिसतात. आठवड्याच्या आलेखात 22.7, महिन्याच्या आलेखात 20.7 आणि वर्षाच्या आलेखात 20.06. घटना तीच, पण पहिल्या आलेखात टेकडी दिसते आणि शेवटच्यात सपाट माळ. ‘महिनाभरात सीपीयू कधी 25 च्या वर गेलाच नाही’ असं कुणी महिन्याचा आलेख दाखवून म्हणालं, तर एक बिंदू किती वेळाचा आहे हे आधी विचारावं.

ही अडचण एमआरटीजीलाही माहीत होती. `WithPeak` हा पर्याय दिला की आठवडा, महिना आणि वर्षाच्या आलेखात सरासरीसोबत त्या खान्यातलं सगळ्यात मोठं 5 मिनिटांचं मूल्यही निघतं. पण सांगितल्याशिवाय ते निघत नाही, आणि सांगणारे थोडेच. आणखी एक गंमत म्हणजे एमआरटीजीचा आलेख मुळात डावीकडे वाढतो. ‘आत्ता’ डाव्या कडेला आणि ‘काल’ उजवीकडे. `growright` दिलं तर तो सरळ होतो. जुना आलेख वाचताना वापर चढतोय की उतरतोय हे ठरवण्याआधी वेळेचा अक्ष बघून घेतलेला बरा.

1999 मध्ये ओटिकर यांनी साठवण आणि रेखाटन वेगळं काढून आरआरडीटूल आणलं. त्यात दाबताना सरासरी घ्यायची की कमाल, किमान किंवा शेवटचं मूल्य, हे डेटाबेस तयार करतानाच ठरवावं लागतं: `AVERAGE`, `MAX`, `MIN`, `LAST`. सुरुवातीला फक्त `AVERAGE` ठेवलं असेल, तर सहा महिन्यांपूर्वीचा सुळका नंतर कोणत्याही युक्तीने परत मिळत नाही.

खोट्या सुळक्यांचा उगमही याच काळातला. जुने मीटर 32 बिटचे, म्हणजे 4,29,49,67,296 ला पोचले की पुन्हा शून्यावर. 100 मेगाबिटच्या भरलेल्या लाइनवर हा फेरा साधारण 344 सेकंदांत पुरा होतो, म्हणजे 5 मिनिटांचं वाचन जेमतेम चालतं. गिगाबिटवर तो 34 सेकंदांतच होतो आणि आकड्याला काही अर्थ उरत नाही. तिथे 64 बिटचा `ifHCInOctets` हाच मीटर वाचावा लागतो.

आकडा घसरलेला दिसला की आरआरडीटूलचा `COUNTER` प्रकार मीटर फिरून शून्यावर आला असं धरून चालतो. खरं तर अनेकदा यंत्र फक्त रीस्टार्ट झालेलं असतं. समजा आधीचं वाचन 100 कोटी होतं आणि रीस्टार्टनंतरचं जवळजवळ शून्य. हिशोबाने मधल्या 5 मिनिटांत 329 कोटी बाइट गेले असं निघतं, म्हणजे सेकंदाला सुमारे 88 मेगाबिट. एरवी 2 मेगाबिट वाहणाऱ्या लाइनवर हा मनोराच उभा राहतो. तो ओळखायला तीन खुणा पुरतात. तो जेमतेम एका वाचनाएवढा रुंद असतो, बऱ्याचदा लाइनच्या क्षमतेपेक्षाही उंच असतो, आणि त्याच वेळी यंत्राचा अपटाइम शून्यावर आलेला असतो. उपाय म्हणून `DERIVE` वापरून किमान मूल्य 0 ठेवतात. मग असा मनोरा न येता तिथे मोकळी जागा राहते, आणि ती खरी असते.

सुळका कशाच्या तुलनेत हा प्रश्न बेसलाइनचा, म्हणजे नेहमीच्या पातळीचा. 2000 च्या सुमारास जेक ब्रुटलॅग यांनी होल्ट-विंटर्स पद्धत आरआरडीटूलमध्ये बसवली. नेहमीची पातळी, तिचा चढ-उतार आणि दिवसाच्या त्या वेळेची सवय, या तिघांवरून पुढचं मूल्य किती असावं याचा अंदाज काढायचा आणि त्याभोवती एक पट्टा आखायचा. पट्ट्याबाहेर एखादा बिंदू गेला म्हणून ओरडायचं नाही. मूळ सेटिंगमध्ये लागोपाठच्या 9 बिंदूंपैकी 7 बाहेर गेले तरच बिघाड धरतात, म्हणजे 5 मिनिटांच्या वाचनात किमान 35 मिनिटं. एकटा सुळका आणि सरकलेली पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते दुसरीच जास्त घातक. सुळक्याकडे सगळे धावतात, 20 वरून गुपचूप 28 वर गेलेली पातळी मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही.

या पद्धतीची मर्यादा ‘ऋतू’ ठरवण्यात आहे. 5 मिनिटांच्या 288 बिंदूंचा एक दिवस हा ऋतू धरला, तर सोमवारी सकाळची नेहमीची गर्दी तिला बिघाड वाटू शकते, कारण ती तुलना रविवारशी करते. म्हणूनच बरेच जण साधा मार्ग धरतात: आजच्या रेघेखाली मागच्या आठवड्याची त्याच वाराची रेघ फिक्या रंगात. सर्व्हरचे आकडे गोळा करून ठेवणाऱ्या प्रोमिथिअसमध्ये त्या दोन ओळी अशा:

```
sum(rate(http_requests_total[5m]))
sum(rate(http_requests_total[5m] offset 1w))
```

दोन्ही रेघा एकत्र चढल्या तर रोजचीच गर्दी. आजची एकटी चढली तर त्या मिनिटापासून काय बदललं ते शोधायचं. मागच्या आठवड्यात त्या वारी सुट्टी होती का, हे मात्र कॅलेंडरमध्ये बघावं. गणेश चतुर्थीच्या दिवसाशी तुलना करून मुंबईतल्या ऑफिसच्या सर्व्हरबद्दल काही ठरवलं तर फसगत ठरलेली.

प्रोमिथिअसची सुरुवात 2012 मध्ये साउंडक्लाउडमध्ये झाली, आणि 2014 मध्ये तॉर्केल ओडेगार्ड यांचं ग्राफाना आलं. वाचन आता 15 सेकंदांवर आलं, त्यामुळे सगळं दिसतं असा समज झाला. पण इथे एक नवी फट आहे. 7 दिवसांचा आलेख 1000 बिंदूंत काढायचा तर दोन बिंदूंमध्ये साधारण 10 मिनिटं येतात. त्या 10 मिनिटांत 15 सेकंदांची 40 वाचनं झालेली असतात. एमआरटीजीने त्यांची सरासरी काढली असती. प्रोमिथिअस साध्या गेजसाठी, म्हणजे वर-खाली होणाऱ्या आकड्यासाठी, सरासरी काढत नाही, त्या क्षणाच्या आधीचं शेवटचं एक वाचन उचलतो आणि बाकीची 39 सोडून देतो. एक मिनिटाचा सुळका त्या क्षणी आला तर पूर्ण उंचीने दिसतो, नाही आला तर मुळीच नाही. पान रिफ्रेश केल्यावर किंवा खिडकी लहान-मोठी केल्यावर सुळका गायब होतो तो यामुळेच. बघणाऱ्याला वाटतं मॉनिटरिंग बिघडलं. गेजसाठी प्रत्येक खान्यातली कमाल मागितली की हा लपंडाव थांबतो (नाव आपल्या गेजचं घालावं):

```
max_over_time(queue_length[$__interval])
```

सीपीयूच्या नेहमीच्या क्वेरीत `rate(...[5m])` असतं, म्हणजे मागच्या पाच मिनिटांच्या खिडकीची सरासरी. तिथे एका मिनिटाचे 100 टक्के सुळका म्हणून येतच नाहीत. साधारण पाच मिनिटं रुंद, सपाट माथ्याची, 36 टक्क्यांची टेकडी येते. सुळक्याची रुंदी नेमकी या पाच मिनिटांच्या खिडकीएवढी दिसली, तर घटना त्याहून छोटी आणि उंच होती असं समजावं. शिवाय `avg` घेतलेला असेल तर 8 कोअरच्या यंत्रात एक कोअर पूर्ण अडकलेला असूनही आलेख 12.5 टक्केच दाखवतो.

उभ्या अक्षाची लबाडी पहिल्यापासूनची. दिसावं म्हणून एमआरटीजी डेटाच्या मापाने अक्ष ताणतो. 100 मेगाबिटच्या लाइनवर 2 मेगाबिट वाहत असले तरी चित्र भरगच्च दिसतं. `Unscaled` दिलं की अक्ष लाइनच्या क्षमतेपर्यंत जातो आणि तेच 2 मेगाबिट तळाशी पातळ थर होऊन बसतात. ग्राफानाचा स्वयंचलित अक्षही डेटाला चिकटतो. मेमरी 61.2 वरून 61.9 टक्क्यांवर गेली तरी रेघ पॅनेलच्या तळापासून माथ्यापर्यंत चढते. टक्केवारीच्या पॅनेलला म्हणून `Min` 0 आणि `Max` 100 हाताने घालावं, नाहीतर शेजारशेजारच्या दोन सर्व्हरचे आलेख सारखे दिसतात आणि अक्ष वेगळे असतात.

पण शून्यापासूनचा अक्ष हा सगळ्यावरचा उतारा नाही. 1000 जीबीची डिस्क रोज 4 जीबीने भरतेय आणि 112 जीबी शिल्लक आहेत, असं समजा. 0 ते 1000 च्या अक्षावर आठवड्याभरात रेघ 28 जीबी, म्हणजे 2.8 टक्के चढते. डोळ्याला ती आडवीच वाटते. प्रत्यक्षात 28 दिवसांनी डिस्क भरणार असते. इथे मोकळ्या जागेचा वेगळा पॅनेल लावून त्याचा अक्ष जवळ आणावा आणि रोजचा उतार आकड्यात काढावा.

आडव्या अक्षाचं आपल्याकडचं एक खास प्रकरण आहे. आरआरडीटूल दिवसाचे खाने यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेने पाडतो, म्हणजे वर्षाच्या आलेखातला एक ‘दिवस’ आपल्या पहाटे 5:30 पासून दुसऱ्या पहाटे 5:30 पर्यंतचा. मंगळवारी पहाटे 3 चा बॅकअप त्यात सोमवारच्या खात्यावर पडतो. ग्राफानात डॅशबोर्डचा टाइमझोन यूटीसी असेल तर तोच बॅकअप सोमवारी रात्री 9:30 ला उभा दिसतो, आणि लोक त्या वेळचे लॉग चाळत बसतात.