बूस्ट घेतल्यानं स्थळ जुळतं का?

"परभणीत राहतो, लग्नाच्या विचारानं डेटिंग अ‍ॅपवर आलोय. पैसे भरून बूस्ट मारला की सिरीयस पोरी भेटतात म्हणे. खरंय का?"

नाही. टिंडरचा बूस्ट साधारण 30 मिनिटं तुमचं प्रोफाइल आसपासच्या लोकांपुढं वर आणतो, एवढंच. समोरची सिरीयस आहे का, हे तो बघत नाही. पुण्यात रांग मोठी, म्हणून पुढं जाण्याला अर्थ. परभणीत दोन दिवसांत प्रोफाइलं संपत असतील, तर पैसे देऊन पुढं जायला तिथं रांगच नाही.

फिल्टरचं उलटं होतं. समजा 50 किलोमीटरच्या परिघात 60 मुली आहेत आणि 'गंभीर नातं' हा रकाना 20 जणींनीच भरलाय. तो फिल्टर लावला की रकाना रिकामा ठेवणाऱ्या, पण लग्नाचाच विचार असलेल्याही गळू शकतात. शिवाय रकाना भरला म्हणजे खरं सांगितलं असंही नाही. तिथं कुणी पंचनामा करत नाही!

पैसे टाकायचेच, तर अ‍ॅपमधलं ठिकाण बदलण्याच्या सोयीवर टाका, तेही संभाजीनगर किंवा पुण्याला जायची खरोखर तयारी असेल तरच. आणि महिनाभरापुरतेच, आपोआप होणारं नूतनीकरण लगेच बंद करा.