मेण कढत ओतावं का?

"मेण जितकं कढत ओताल, तितकी मेणबत्ती गुळगुळीत आणि बिनतड्याची होते." असा समज असतो, पण तो पुरता खरा नाही.

पॅराफिन साधारण ५५ ते ६० अंशांना वितळतं आणि घट्ट होताना आकसतं. ९५ अंशांचं मेण साच्यात ओतलं की कडा आधी गोठतात, मधलं मात्र पातळच राहतं. ते मागाहून आकसतं तेव्हा वातीभोवती खड्डा पडतो. बेळगाव-खानापूरकडच्या डिसेंबरातल्या गार पहाटे बाहेरचा थर झपाट्याने थंडावतो, म्हणून ताण वाढून तडेही जातात.

खात्री करायची तर एकाच मेणाचे दोन सारखे साचे भरा, एक ९५ला, दुसरा ७५ला. थंड झाल्यावर खड्ड्यांत चमच्याने पाणी घालून मोजा. थोडा खड्डा दुसऱ्यातही पडेल. तो भरायला वातीजवळ सळईने भोकं पाडून बाजूला राखलेलं पातळ मेण ओता. फार गार ओतलंत तर कडेला वळ्या दिसतील.