खाद्यफोटोतील पृष्ठभागबदल

घरून डबे, फराळ, केक किंवा मोदकांच्या ऑर्डरी घेणाऱ्यांचे फोटो बहुधा जेवणाच्या टेबलावर नाहीतर ओट्यावर निघतात. अशा फोटोतला पदार्थ आणि भांडे तसेच ठेवून खालचे टेबल व त्यावरचा पसारा काढून टाकायचा आणि त्याजागी लाकडी फळ्या किंवा संगमरवर बसवायचा, याला पृष्ठभागबदल म्हणतात. हे काम फोटो काढून झाल्यावर संपादनात करता येते, किंवा फोटो काढण्याआधी ताटाखाली सनमायका, विनाइलची शीट असे काहीतरी अंथरून. येथे मुख्यतः संपादनाच्या पद्धतीचा विचार केला आहे. दुसरी पद्धत शेवटी थोडक्यात येते.

लाकूड घ्यायचे की संगमरवर, हे पदार्थाच्या रंगावर ठरते. उकडीचे मोदक, इडली, खरवस असे पांढरे पदार्थ पांढऱ्या फरशीवर हरवतात, त्यांना गडद लाकूड लागते. चकली, अनारसे, कडबोळी तपकिरी लाकडावर मळकट दिसतात आणि संगमरवरावर खुलतात. याउपर आवडीचा प्रश्न आहे. फक्त ठसठशीत शिरांचा संगमरवर टाळावा, कारण शेवेच्या किंवा शेवयांच्या फोटोत नजर शिरांकडेच जाते.

ताटाचा गोल आणि कॅमेऱ्याचा कोन

बदललेला पृष्ठभाग खोटा वाटतो तो बहुतेक वेळा कोन चुकल्यामुळे. ताट एका कोनातून पाहिलेले असते आणि फळ्या दुसऱ्या. पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण ताट घसरून पडेल असे वाटत राहते.

कोन ओळखण्याचे साधन फोटोतच असते. गोल ताट वरून, अगदी सरळ पाहिले तर त्याची फोटोतली उंची आणि रुंदी सारखी येते. कॅमेरा टेबलाशी ४५ अंशांवर असेल तर उंची रुंदीच्या साधारण ०.७ पट भरते, ३० अंशांवर असेल तर निम्मी. म्हणजे ताटाची काठ ते काठ उंची व रुंदी पिक्सेलमध्ये मोजून भागाकार केला की फोन कुठे धरला होता ते कळते. नव्या पृष्ठभागाचा फोटोही त्याच कोनातून हवा. तो स्वतः काढायचा असेल तर फोन डब्यांच्या चळतीला टेकवून पक्का करावा, लाकडावर एखादे गोल झाकण ठेवून एक फोटो घ्यावा आणि झाकण उचलून दुसरा. झाकणाची उंची-रुंदी ताटाच्या प्रमाणाशी जुळली की दुसरा फोटो वापरायला तयार.

इंटरनेटवर मिळणारे लाकडाचे व संगमरवराचे नमुने मात्र जवळपास सगळे सरळ वरून टिपलेले असतात. डोक्यावरून काढलेल्या फोटोला ते तसेच चालतात. म्हणूनच नवख्याने पहिले काही फोटो वरूनच काढावेत. तिरक्या फोटोसाठी तोच नमुना उंचीत दाबावा लागतो आणि वरचे दोन कोपरे किंचित आत ओढावे लागतात.

दुसरे माप आकाराचे. पसाऱ्यातली बाटली, चमचा, चष्मा यांवरून पदार्थ केवढा आहे याचा अंदाज येत होता. ते सारे गेल्यावर अंदाजाला उरतात त्या फळ्या. फळी फार अरुंद ठेवली तर मोदक नारळाएवढा वाटतो, आणि डबा उघडल्यावर ग्राहकाचा हिरमोड होतो. ही चूक दिसण्यापुरती राहत नाही, व्यवहारात नडते.

प्रकाशाची खूण

पदार्थाखाली जे असते त्याचा रंग पदार्थावर चढतो. लाल फुलांच्या प्लास्टिक टेबलक्लॉथवर ठेवलेल्या मोदकाच्या बुडाला गुलाबी झाक येते. तो कापून संगमरवरावर ठेवला तरी झाक तशीच राहते. याच्या उलटही घडते. खराखुरा पांढरा दगड खालून उजेड परतवतो, त्यामुळे त्यावरच्या वाटीची खालची बाजू उजळलेली असते. काळपट टेबलावर टिपलेली वाटी संगमरवरावर चिकटवली की बूड विनाकारण काळे दिसते.

यावरचा इलाज फोटो काढतानाच करायचा असतो आणि तो दहा-वीस रुपयांत होतो. संगमरवर बसवायचा असेल तर ताटाखाली पांढरा कार्डपेपर घालावा, लाकूड बसवायचे असेल तर पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद. कागद ताटाच्या चारही बाजूंनी वीतभर बाहेर यायला हवा. बाकी टेबलावर पसारा राहिला तरी बिघडत नाही.

स्टीलच्या ताटासाठी तर हा कागद अनिवार्यच समजावा. स्टील हा आरसा आहे. ताटाच्या उभ्या कडेत टेबलक्लॉथची फुले, पाण्याची बाटली, कधीकधी फोटो काढणाऱ्याच्या साडीचा काठसुद्धा उमटतो. टेबल गेले तरी कडेतले टेबल जात नाही.

घरातली ट्यूब बंद करून एकाच खिडकीचा उजेड घ्यावा. पिवळा दिवा आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की ताटाची एक बाजू पिवळी व दुसरी निळसर होते. मग नवा पृष्ठभाग कोणत्या बाजूशी जुळवायचा हेच कळत नाही.

एक उदाहरण: अकरा मोदकांचे ताट

२८ सेंटिमीटरचे स्टीलचे ताट, त्यात केळीच्या पानावर अकरा उकडीचे मोदक. खिडकी डावीकडे. फोन ४५ अंशांवर, दुप्पट झूमवर आणि त्यामुळे थोडा लांब धरलेला, कारण साध्या लेन्सने जवळून काढले तर पुढचे मोदक फुगलेले दिसतात. टेबलावर लाल फुलांचा टेबलक्लॉथ, वर्तमानपत्र आणि चार्जर. घाईत खाकी कागद राहून गेला आहे. संपादन GIMP या फोटो-संपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये करायचे आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या Photopea मध्येही टप्पे हेच राहतात.

फोटोत ताट १४०० पिक्सेल रुंद आणि सुमारे ९८० पिक्सेल उंच भरते. भागाकार ०.७, म्हणजे कोन ठरल्याप्रमाणे आहे. १४०० ला २८ ने भागले की एका सेंटिमीटरला ५० पिक्सेल पडतात. बाजारात दिसणाऱ्या ९ सेंटिमीटर रुंद फळ्या दाखवायच्या तर ताटाजवळ प्रत्येक फळी ४५० पिक्सेल हवी, म्हणजे ताटाखाली तीन फळ्या आणि चौथीची जराशी कड. फळ्या उभ्या, पाहणाऱ्यापासून दूर जाणाऱ्या ठेवाव्यात. वरून टिपलेला नमुना या मापाचा करून उंचीत ७० टक्क्यांवर आणायचा आणि Perspective या साधनाने वरचे कोपरे आत घ्यायचे.

ताट कापताना Paths ने त्याची कड स्वतः आखणे उत्तम. आपोआप कापणारी साधने केळीच्या पानाचे टोक खातात, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर मोदकाची कळीसुद्धा. निवड झाली की Select > Shrink ने ती २ पिक्सेल आत घ्यावी आणि कड मऊ करणारा Feather १ पिक्सेल ठेवावा. नाहीतर कडेभोवती जुन्या टेबलक्लॉथची लाल रेघ राहते. मूळ चित्र पुसू नये. नको तो भाग न पुसता नुसता झाकणारा Layer Mask वापरला तर चुकून गेलेले पानाचे टोक परत आणता येते.

आता सावली. ती किती गडद, किती मऊ आणि कुठल्या दिशेला, याचे उत्तर ताटातच आहे. मोदकांच्या पानावर पडलेल्या सावल्या शाबूत आहेत, त्या उजवीकडे झुकतात आणि त्यांची कड विरलेली आहे. ताटाची सावलीही तशीच हवी, आणि ती दोन थरांत करावी. पहिला थर ताट जिथे फळीला टेकते तिथला. ताटाच्या कडा वर उचललेल्या असतात, म्हणून हा थर बाहेरच्या काठाला लागून न काढता थोडा आत, बुडाशी काढावा. तो अरुंद व गडद असतो, Gaussian Blur ६ ते ८ पिक्सेल, अपारदर्शकता ६० टक्क्यांच्या आसपास. दुसरा थर रुंद, उजवीकडे सरकवलेला, Blur ६० पिक्सेल आणि अपारदर्शकता २५ टक्के. दोन्ही थर लाकडाच्या वर, ताटाच्या खाली, खालचा रंग गडद करणाऱ्या Multiply या पद्धतीने. रंग काळा न घेता गडद तपकिरी घ्यावा. पहिला थर विसरला तर ताट फळीवर टेकत नाही, तरंगते.

खाकी कागद न घातल्याची किंमत इथे मोजावी लागते. ताटाच्या कडेत लाल फुले दिसत आहेत. फक्त कड निवडून Hue-Saturation मध्ये रंगाची तीव्रता उणे ७० वर आणावी आणि वर लाकडाच्या रंगाचा १५ ते २० टक्क्यांचा हलका थर द्यावा. फुले ओळखू येईनाशी होतात, पुरती जात नाहीत. काठाजवळच्या मोदकांवर गुलाबी झाक आली असेल तर तीही याच पद्धतीने कमी करावी, पण हात राखून. रंग जास्त उतरला तर मोदक पिठूळ, शिळे दिसतात.

शेवटी ताटाची मागची कड किती धूसर आहे ते पाहून मागच्या फळ्याही तेवढ्याच धूसर कराव्यात. मागे फळ्यांची रेषान् रेषा दिसते आणि मोदक मात्र विरलेले, असे उलटे चित्र बरेचदा बाहेर पडते. तपासणी दोनदा करावी, एकदा मोठ्या पडद्यावर कडा बघण्यासाठी आणि एकदा फोनवर अंगठ्याएवढे करून. अंगठ्याएवढ्या चित्रात ताट तरंगत असेल तर सावलीत दोष आहे.

जिथे हे जमत नाही

वाफ, काचेची वाटी आणि काचेच्या पेल्यातले पन्हे यांच्यापुढे ही पद्धत हात टेकते. काचेतून जुने टेबल दिसत असते, आणि ते काढायचे तर काचेच्या आतला भाग नव्याने रंगवावा लागतो. वाफेची कड आखताच येत नाही. अशा पदार्थांना आणि रोज नवा मेनू टाकणाऱ्या डबेवाल्या व्यवसायांना फोटोआधीच पृष्ठभाग बदलणे परवडते.

खरा संगमरवर त्यासाठी गैरसोयीचा. दोन फूट बाय दोन फुटांची १८ मिलिमीटर जाडीची फरशी १७-१८ किलो भरते. शिवाय संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, कोकम, चिंच सांडली की पॉलिश खाल्ले जाऊन मंद डाग पडतो, आणि हळद तर शोषलीच जाते. त्याऐवजी प्लायवुडच्या दुकानातून संगमरवरी किंवा लाकडी नक्षीचा १ मिलिमीटरचा सनमायका दोन फूट बाय दोन फूट कापून घ्यावा. मॅट फिनिशच मागावे. चकचकीत तुकड्यात खिडकीची पांढरी चौकट उमटते आणि तीच फोटो बिघडवते. नुसता तुकडा भिंतीला टेकवून ठेवला तर आठवड्यात वाकतो आणि मग ताट डुगडुगते, म्हणून तो १२ मिलिमीटरच्या प्लायवर फेव्हिकॉलने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवावा. प्लायच्या एका बाजूला लाकूड आणि दुसऱ्या बाजूला संगमरवर लावला की एकाच फळीवर दोन्ही कामे होतात.