सकाळचा वजनकाटा आणि लघवीच्या गोळीची वेळ

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचा जोर कमी पडलेल्या रुग्णाला धाप लागते, पाय सुजतात, तेव्हा घरचे घाबरून धावपळ करतात. पण शरीरात पाणी साठायला सुरुवात त्याच्या कितीतरी दिवस आधी झालेली असते. पायावर बोट दाबल्यावर खळगा पडेपर्यंत बहुतेकांच्या अंगात दोन-तीन लिटर जादा पाणी जमलेलं असतं. हे पाणी डोळ्यांना दिसण्याआधी वजनकाट्यावर दिसतं, कारण एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं. चरबी दोन दिवसांत दोन किलो वाढत नाही. इतक्या झपाट्याने वाढतं ते पाणीच.

हे पाणी येतं कुठून? हृदयाचा जोर कमी झाला की मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं. शरीरात पाणी कमी पडलंय असं समजून मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि मिठामागोमाग पाणीही थांबतं. आपल्या रक्तात आणि पेशींबाहेरच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा मीठ, पाच-सहा ग्रॅम, अंगातच अडकून राहिलं तर अर्ध्या लिटरहून जास्त पाणी त्याच्यासोबत अडकतं. सोलापुरात जेवणाच्या ताटात शेंगाचटणी, लोणचं, पापड नसतील तर जेवल्यासारखं वाटत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच औषधाच्या काउंटरवर उभा राहून मी गोळीइतकंच ताटाविषयी विचारतो.

आमच्याकडे औषध नेणाऱ्या एका काकांच्या घरी वजनाची वही ठेवतात. काकांची उमेदीची वर्षं यंत्रमागावर गेली, आता वय चौसष्ट. दवाखान्यातून सोडताना सूज पूर्ण उतरलेली होती, तेव्हाचं वजन ६२ किलो. डॉक्टरांनी तोच आकडा आधार धरायला सांगितला होता. जादा पाणी लघवीवाटे काढणारी गोळी फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. एका शनिवारी त्यांची सून वही घेऊन दुकानात आली. मंगळवारी ६२.०, बुधवारी ६२.०, गुरुवारी ६२.७, शुक्रवारी ६३.४ आणि त्या सकाळी ६४.०. काकांना धाप नव्हती. फक्त संध्याकाळी मोज्यांचा वळ पायावर राहत होता. त्यामुळे काका म्हणत होते, काही झालेलं नाही.

मी फोनवर विचारलं, "काका, गोळी कधी घेताय?"

"रात्री जेवून झाल्यावर. बुधवारी अक्कलकोटला लग्न होतं. एसटीत लघवीला लागलं तर कुठं जाणार? मग रात्रीच घ्यायला लागलो. दिवसाची पंचाईत मिटली."

पंचाईत मिटली नव्हती. ही गोळी तोंडावाटे घेतल्यावर अर्ध्या-एक तासात काम सुरू करते, एक-दोन तासांत तिचा जोर सर्वात जास्त असतो आणि सहा ते आठ तासांत ती संपते. चोवीस तासांतले उरलेले सोळा-अठरा तास गोळी अंगात नसल्यासारखीच असते आणि त्या वेळात मूत्रपिंड गमावलेलं मीठ उलट जोमाने परत ओढून घेतं. रोजचं वजन म्हणजे या जमाखर्चाची सकाळची शिल्लक. गोळीने सहा तासांत जेवढं मीठ बाहेर काढलं, त्यापेक्षा जास्त उरलेल्या वेळात आत राहिलं, तर गोळी नियमित घेऊनही वजन चढतं. लग्नाच्या पंगतीतलं खारट जेवण काकांच्या बाबतीत असंच आत राहिलं.

भरल्या पोटी ही गोळी उशिरा आणि कमी शोषली जाते. या गोळीला एक उंबरठाही असतो. रक्तात ती ठरावीक पातळीच्या वर गेली तरच मूत्रपिंडावर परिणाम होतो, खाली राहिली तर जवळपास काहीच होत नाही. म्हणून "त्रास नको" म्हणून ४० ची गोळी मोडून अर्धी सकाळी, अर्धी रात्री घेणाऱ्यांना कधीकधी दोन्ही अर्ध्यांचा उपयोग होत नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांत लघवी नेहमीपेक्षा स्पष्टपणे वाढली नाही, तर ती उंबरठा ओलांडत नाहीये असं समजून डॉक्टरांना सांगावं. अंगात पाणी वाढलं की आतड्यालाही सूज येते आणि गोळी आणखी संथ शोषली जाते. म्हणजे सूज जितकी जुनी, तितकी तीच गोळी दुबळी. वहीकडे लवकर बघायचं ते यासाठी.

रात्री गोळी घेतल्याने काका चार-पाच वेळा उठत होते. आडवं झालं की पायांतलं पाणी रक्तात परत येतं, त्यामुळे या रुग्णांना रात्री लघवी तशीही जास्त होते. त्यात गोळीची भर. या वयात अंधारात बाथरूमकडे जाताना पडून खुब्याचं हाड मोडलं, तर ते दुखणं हृदयाच्या दुखण्याइतकंच जड जातं.

अजून एक गोष्ट निघाली. लग्नात गुडघा दुखला म्हणून काकांनी कुणाच्या तरी स्ट्रिपमधल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या रोज दोन घेतल्या होत्या. ही वेदनाशामकं मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा जोर मोडतात. चिठ्ठीशिवाय ती कुणी मागितली की घरात हृदयाचा रुग्ण आहे का, हे मी विचारतोच.

तीन दिवसांत दोन किलो, हा आकडा डॉक्टरांना कळवण्याचाच. त्यांनी डायक्लोफेनॅक बंद करून साधी पॅरासिटामॉल दिली, पाण्यात विरघळणारी फसफसणारी नको म्हणून बजावलं, कारण तिच्यात सोडियम भरपूर असतं. लघवीची गोळी पुन्हा सकाळी, नाश्त्याआधी. तीन दिवसांपुरती दुपारी दोनला आणखी एक. सोबत रक्तातल्या पोटॅशियमची आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनची तपासणी. मंगळवारी वहीत ६२.३ होतं. हा डोस काकांसाठी होता. दुसऱ्या कुणी वजन वाढलं म्हणून स्वतःच गोळी वाढवू नये.

प्रवासाची अडचण मात्र खरी आहे आणि तिला उत्तरही आहे. पहाटे निघायचं नसेल तर गोळी पहाटे पाचला घ्या, म्हणजे नऊपर्यंत तिचा मुख्य जोर ओसरतो. नाहीतर गावी पोचून, दुपारी चारच्या आत घ्या. चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका. हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घेतलं की लग्नाच्या दिवशी गोंधळ होत नाही.

वजन रोज एकाच पद्धतीने करा. सकाळी उठून लघवी करून, चहाआधी, तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा बरा.

तरी नुसत्या काट्यावर विसंबता येत नाही. भूक गेलेल्या रुग्णाचं मांस झडतं आणि त्याच वेळी पाणी साठतं, तेव्हा वजन जागचं हलत नाही. म्हणून वहीत दोन रकाने अजून हवेत, घोट्यावर दाबल्यावर खळगा पडतो का आणि झोपताना धाप लागू नये म्हणून किती उशा लागतात. एकाची दोन उशी झाली, तर वजन तेवढंच असलं तरी डॉक्टरांना फोन करा.

उलटी बाजू एप्रिल-मेमध्ये दिसते. सोलापुरात पारा चाळिशीपार जातो, घाम येतो, त्यात जुलाब-उलट्या लागल्या की वजन आधाराच्या आकड्याखाली दीड-दोन किलो घसरतं आणि उभं राहताना चक्कर येते. अशा दिवशी नेहमीची गोळी नेहमीप्रमाणे घेतली तर रक्तदाब पडून मूत्रपिंडालाच इजा होऊ शकते. गोळी घेण्याआधी त्या सकाळचा आकडा डॉक्टरांना सांगून आज थांबायचं का, हे विचारायचं. चक्कर येऊन पडायला झालं किंवा लघवी फारच कमी झाली, तर फोनची वाट न बघता दवाखान्यात न्यायचं.