आउटबॉक्स टेबल आणि मागे राहिलेली 501 क्रमांकाची ओळ

देवगडच्या शेडमधून हापूसच्या 40 पेट्या गाडीत चढल्या की ॲपला दोन कामे करावी लागतात: आपल्या डेटाबेसमधला साठा कमी करणे आणि वाशीच्या गाळ्यावरील प्रणालीला निरोप धाडणे. साठा कमी झाला आणि निरोप जाण्याआधीच वीज गेली, तर गाळ्याला त्या पेट्यांचा पत्ता लागत नाही. निरोप आधी धाडला आणि नोंद रद्द झाली, तर शेडमध्येच असलेल्या पेट्या गाळ्यावर वाटेत दिसतात.

दोन्ही बाजूंचा होकार घेऊन कमिट करण्याची दोन टप्प्यांची पद्धत 1970 च्या दशकातली असून तिचे एक्सए हे मानक 1991 मध्ये आले. समन्वयक ऐन वेळी बंद पडला तर कुलपे अडकून राहतात, हा तिचा जुना दोष. शिवाय असे निरोप वाहून नेणारा, 2011 मध्ये खुला झालेला काफ्का या मानकात सहभागीच होत नाही. त्यामुळे निरोपही त्याच डेटाबेसमधल्या `outbox` टेबलात, साठ्याच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचा आणि वेगळ्या प्रक्रियेने तो पुढे न्यायचा, हा साधा उपाय रुळला.

खरा वाद पुढे आहे: ती प्रक्रिया कोणत्या ओळी 'नव्या' मानते? शेवटचा पुढे नेलेला क्रमांक 500 असेल, तर पहिल्या झटक्यात बहुतेक जण असे लिहितात:

```sql
SELECT id, payload FROM outbox
WHERE id > 500 ORDER BY id;
```

पोस्टग्रेसमध्ये `id` ओळ घालताना मिळतो, कमिटच्या वेळी नव्हे. पहिल्या गाडीला 501 मिळाला, पण तिचे ट्रान्झॅक्शन रेंगाळले; दुसरीला 502 मिळाला आणि ते आधी कमिट झाले. प्रक्रियेला 502 दिसला, तिने तोच शेवटचा क्रमांक म्हणून टिपला. क्षणभराने 501 कमिट झाला, तरी तो कायमचा मागे राहतो. कुठेही चूक नोंदली जात नाही. संध्याकाळी गाळ्याच्या हिशेबात 40 पेट्या कमी भरतात, एवढीच खूण.

माझ्या मते क्रमांकावर विसंबण्याऐवजी `sent_at IS NULL` पाहणे केव्हाही बरे. मात्र निरोप गेल्यावर आणि `sent_at` भरण्याआधी प्रक्रिया पडली, तर तोच निरोप पुन्हा जातो. म्हणून गाळ्याच्या बाजूला निरोपाचा `id` युनिक ठेवून दुसरी प्रत टाकून द्यावी लागते, नाहीतर 40 च्या 80 होतात. क्रमही सगळ्या गाड्यांमध्ये मिळून पाळला जात नाही. एकाच गाडीचा क्रम हवा असेल, तर तिच्या ओळीवर आधी कुलूप घालून मगच `outbox` मध्ये लिहावे; त्याच गाडीचे दुसरे ट्रान्झॅक्शन पहिले कमिट होईपर्यंत थांबते आणि त्याला पुढचाच क्रमांक मिळतो.

अलीकडे डेबेझियमसारखी साधने टेबलाला न विचारता थेट डेटाबेसचा लॉग वाचतात. तिथे ओळी कमिटच्या क्रमाने येतात, त्यामुळे 501 सुटत नाही. पण वाचणारा दोन दिवस बंद राहिला, तर त्याच्या रेप्लिकेशन स्लॉटसाठी पोस्टग्रेस लॉग साठवत राहतो, आणि स्लॉटला मर्यादा घातलेली नसेल तर शेडमधल्या छोट्या सर्व्हरची डिस्क भरून नव्या पेटीची नोंदसुद्धा थांबते.