बॅटरी काढल्यावर किंवा थ्रॉटल साफ केल्यावर आयडल बिघडतं तेव्हा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक (इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी)

आमच्याकडे दोन तक्रारी नेहमी येतात. "नवी बॅटरी टाकली तेव्हापासून सिग्नलला गाडी बंद पडते" ही एक, आणि "थ्रॉटल साफ करून आणलं तेव्हापासून गाडी आपोआप रेस होते" ही दुसरी. लक्षणं एकमेकांच्या उलटी असली तरी मूळ एकच आहे. ते कळलं तर रीलर्न म्हणजे काय, ते कधी पुरतं आणि कधी पुरत नाही, हेही कळेल.

आयडलला तुमचा पाय एक्सलेटरवर नसतो, पण इंजिनला हवा तर लागतेच. थ्रॉटल बॉडीतली झडप एक छोटी मोटर किंचित उघडी धरते आणि तेवढ्या फटीतून इंजिन श्वास घेतं. हजारो किलोमीटर चालल्यावर झडपेच्या कडेला काजळी आणि तेलाचा थर बसतो, फट अरुंद होते. मग कॉम्प्युटर झडप जरा जास्त उघडतो आणि किती जास्त, ते लक्षात ठेवतो. हे हळूहळू होत असल्यामुळे तुम्हाला काही जाणवत नाही.

आता थ्रॉटल साफ केलं, पण आठवण जुनीच राहिली, तर मोकळ्या झालेल्या वाटेतून गरजेपेक्षा जास्त हवा आत जाते. आयडल बाराशे-तेराशेवर जातं किंवा काटा वरखाली हलत राहतो. उलट, काजळी तशीच आहे आणि बॅटरी काढल्यामुळे आठवण पुसली गेली, तर कॉम्प्युटर झडप नव्या, स्वच्छ थ्रॉटलला पुरेल एवढीच उघडतो. हवा कमी पडते, इंजिन थरथरतं, एसी लावला की बंद पडतं. म्हणून बॅटरीनंतर गाडी बंद पडू लागली तर नव्या बॅटरीला दोष देण्याआधी थ्रॉटल किती काळं झालंय ते पाहावं. (काही गाड्यांत ही आठवण बॅटरी काढूनही पुसली जात नाही. तिथे साफसफाईनंतर स्कॅनर लावूनच रीसेट करावं लागतं.)

रीलर्न कसं होतं

रीलर्न म्हणजे झडप किती उघडायची ते कॉम्प्युटरला नव्याने शिकवणं. त्याची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. बऱ्याच गाड्या इंजिन गरम होईपर्यंत एक्सलेटरला हात न लावता चालू ठेवल्या, मग एसी लावून थोडा वेळ उभ्या ठेवल्या आणि नंतर थांबत-थांबत चालवल्या की आपणच शिकतात. निसानच्या अनेक पेट्रोल गाड्यांत मात्र ते मुद्दाम करून घ्यावं लागतं. तिथली पायऱ्यांची शिस्त कडक आहे, म्हणून ती इथे देतो.

आधी गाडी फिरवून चांगली गरम करायची. कूलंट 70 ते 100 अंशांत हवं आणि आयडलला बॅटरीचा व्होल्टेज 12.9 च्या वर हवा. एसी, दिवे, मागच्या काचेचा हीटर बंद, स्टिअरिंग सरळ, गाडी न्यूट्रलला. मग इंजिन बंद करून किमान दहा सेकंद थांबायचं, चावी ऑन करायची (स्टार्ट नाही) आणि तीन सेकंद थांबायचं. त्यानंतर पाच सेकंदांच्या आत एक्सलेटर पाच वेळा तळापर्यंत दाबून सोडायचा. सात सेकंद थांबून तो पुन्हा तळापर्यंत दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. साधारण वीस सेकंदांत इंजिन लाइटची लुकलुक थांबून ती स्थिर होते. ती स्थिर झाली की तीन सेकंदांत पाय काढायचा, लगेच इंजिन चालू करायचं आणि वीस सेकंद काहीही न करता उभं राहायचं. शेवटी दोन-तीनदा रेस देऊन आयडल जागेवर येतं का ते पाहायचं.

वेळ घड्याळात पाहूनच मोजा. एखाद-दुसरा सेकंद इकडेतिकडे झाला तर गाडी तो प्रयत्न मुकाट्याने सोडून देते. घरी करताना बहुतेकांचं इथेच फसतं. सगळ्यात सोपं काम स्कॅनरचं. आमच्याकडे थ्रॉटल साफ केलं तर रीलर्न त्याच कामात धरलेलं असतं.

एक सावधगिरी: चावी ऑन असताना ही झडप बोटाने कधीही ढकलू नका. मोटर ती अचानक फिरवते, बोटाला इजा होते आणि गिअरही तुटू शकतात. साफ करताना क्लीनर कापडावर घ्यायचा, थेट आत फवारायचा नाही.

रीलर्न होऊनही लाइट गेली नाही तर

रीलर्नने कॉम्प्युटरला नवी फट शिकवली जाते. नादुरुस्त भाग त्याने दुरुस्त होत नाही. निसानमध्ये आयडल ठरलेल्यापेक्षा 200 आरपीएम किंवा त्याहून जास्त वर राहिलं तर P0507 आणि 100 किंवा त्याहून जास्त खाली राहिलं तर P0506 हे कोड येतात. थ्रॉटलच्या पुढे कुठून तरी चोरून हवा शिरत असेल तर रीलर्न कितीही वेळा करा, ते टिकत नाही.

अशीच एक सेडान आमच्याकडे आली होती. थ्रॉटल बाहेर साफ झालेलं, आयडल अकराशेच्या वर, कोड P0507, आणि लाइट घालवायला बॅटरी काढून झालेली. रीलर्न केलं, आयडल खाली येईना. मग स्कॅनरवर LTFT पाहिलं, म्हणजे कॉम्प्युटर नेहमीपेक्षा किती टक्के जादा पेट्रोल देतोय. आयडलला ते +18 होतं आणि इंजिन अडीच हजारावर नेलं की +4 वर उतरत होतं. यातच उत्तर होतं. आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, त्यामुळे छोट्या भोकातून येणारी चोरटी हवाही मोठा वाटा ठरते. वरच्या आरपीएमला तीच हवा नगण्य होते. आकडा आरपीएमबरोबर वाढत गेला असता तर आम्ही पेट्रोल पंप, फिल्टर आणि हवा मोजणारा सेन्सर तपासला असता.

धुराची चाचणी केली तेव्हा इनटेक मॅनिफोल्डला जाणाऱ्या पीसीव्ही पाइपच्या मानेतून धूर निघाला. जुनं रबर कडक झालेलं, थ्रॉटल काढताना ओढलं गेल्यावर चिरलेलं. वरून दिसायला पाइप धडधाकट. तो बदलल्यावर पहिल्याच रीलर्नमध्ये आयडल सातशेच्या आसपास स्थिरावलं.

ज्या गाड्यांत हवा मोजायला फक्त मॅनिफोल्डमधला दाबाचा सेन्सर असतो, तिथे LTFT असं बोलत नाही. तिथे आयडल चढतं, पण आकडे बरे दिसतात. अशा गाडीला थेट धुराची चाचणी करणं आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं.

बिघाड काढल्यावरही लाइट लगेच जाईल असं नाही. कोड स्कॅनरने पुसला नाही तर साधारण तीन फेऱ्या सलग निर्दोष झाल्यावर ती आपोआप विझते.

लाइट स्थिर असेल आणि गाडी चालत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत आणा. चालताना ती लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय. गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि आम्हाला फोन करा.

आणि लाइट घालवण्यासाठी बॅटरीचं टर्मिनल काढून येऊ नका. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती आरपीएम होते, गाडी किती वेगात होती, याची नोंद कोडबरोबर साठवलेली असते आणि टर्मिनल काढल्यावर तीही जाते. मग तो बिघाड पुन्हा दिसेपर्यंत गाडी आमच्याकडेच ठेवावी लागते.